आजचं का आधीचं?

रोज सकाळी सहाला फोनवर यायची म्हणून लोक तिला सहाची ताई म्हणायचे. पोथी वाचलेली नाही, गळा गोड नाही, दिसायला म्हणाल तर चारचौघींसारखी. नवरा वायरमन, घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारी नदी. एवढ्या भांडवलावर तिने चाळीस हजार माणसं रोज सकाळी देवासमोर बसवली होती.

सुरुवात झाली ती सासऱ्यांच्या अंथरुणापाशी. म्हातारा अडीच वर्षं पडून होता. पहाटे त्याची चादर बदलायची, कूस पालटायची, अंग पुसायचं. ते करताना म्हातारा शरमायचा, आणि शरमला की शिव्या द्यायचा. मग ही बोलत राहायची. "देवानं दिवस दिलाय मामंजी, घ्या पदरात. पाय इकडं करा. त्याला सगळ्यांची काळजी, तुमच्या पाठीचीसुद्धा." म्हातारा गप्प पडून ऐकायचा. नणंद झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती, तिथंच फोटो काढायचे, व्हिडिओ जोडून द्यायचे. तिने एकदा दारातून वहिनीचं नुसतं तोंड दिसेल असं चित्रण केलं आणि नातेवाइकांना पाठवलं. नातेवाइकांनी आपल्या नातेवाइकांना पाठवलं. म्हातारा गेला, पण सहाचं बोलणं राहिलं. मिनिटभराचं, कधी पन्नास सेकंदांचं. ओले केस, मागं दिवा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "आत्ताच उठलेय, अजून कुणाशी बोलले नाही. पहिलं तुमच्याशी बोलते."

लोकांना तेच आवडायचं. इस्पितळातले, रात्रपाळीचे पहारेकरी, परगावी एकट्या राहणाऱ्या बायका. पहिलं आपल्याशी बोलते म्हणजे काय कमी झालं?

खालच्या मजल्यावर टेलरबाई राहायची. ब्लाऊज शिवायची, फॉल लावायची. ती आणि तिचा नवरा सहाला चहाचे कप घेऊन फोन भिंतीला टेकवून बसत. जिन्यातून वर आवाज यायचा. म्हणजे ताईच्या घरातला आवाज फोनमध्ये जायचा आणि फोनमधून जिन्याने परत घरी यायचा. नवरा हसायचा, "बघ, फिरून आलीस घरी."

मग घशाने दगा दिला. आधी खरखर, मग चिरका सूर, मग वाक्याच्या शेवटी नुसती हवा. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आहेत, काढाव्या लागतील, साध्या आहेत, घाबरू नका. "पण नंतर एक आठवडा ब्र काढायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही, ती तर आणखी वाईट. पुढं तीन आठवडे मोजून मापून."

"महिनाभर?" ताईने विचारलं.

"बायको महिनाभर गप्प," वायरमन म्हणाला, "डॉक्टर, याचे जास्त घेत नाही ना तुम्ही?"

ती हसली नाही. तीन वर्षांत एक सकाळ चुकलेली नव्हती. चुकली असं लोकांना ठाऊक नव्हतं, असं म्हणू. दोन वर्षांपूर्वी भावाच्या लग्नाला चार दिवस गेली होती, तेव्हा नणंदेने आधीच चार करून ठेवले होते. कुणाला पत्ता लागला नव्हता.

"आता चार नाही, तीस लागतील," नणंद म्हणाली. तिने दुकानातल्या वहीचं मधलं पान फाडून यादी केली. नणंद म्हणजे कामाला वाघ आणि बोलायला सुरी. "ऐक वहिनी. साठा करायचा म्हणजे तो कधीही लावला तरी चालला पाहिजे. आज, उद्या, काल, हे शब्द बंद. ऊन, पाऊस, थंडी बंद. मागं ते कॅलेंडर काढ. घड्याळ काढ. सणवार नको, बातमी नको, कुणाच्या लग्नाचं, परीक्षेचं नको. झाडाची फुलं मागं दिसली की लोक ओळखतात कुठला महिना ते."

"मग उरलं काय?"

"देव उरला. तो बारमाही आहे."

दुकानाला सुटी असेल त्या दिवशी दोघी बसायच्या. डॉक्टरांनी घसा जपायला सांगितला होता, म्हणून एका बैठकीत पाचच. खिडकीच्या काचेला बटर पेपर लावला, म्हणजे सकाळ असो की दुपार, उजेड एकसारखा पडावा. वायरमनने एक पांढरा दिवा वर टांगून दिला. साड्या सहा, पण क्रम असा की एक साडी लागोपाठ दोनदा दिसू नये. पाठीमागे संगीत म्हणून कुणाची धून घ्यायची नाही, हक्काचा दावा आला तर सगळंच बंद पडतं. म्हणून नणंदेने घरातल्या जुन्या पेटीचा एक सूर धरून ठेवला, तोच सगळीकडे. पहिल्या दोन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, नाहीतर अंगठा पुढं सरकतो. शब्द खाली मोठ्या अक्षरांत, कारण रात्रपाळीची माणसं आवाज बंद करून बघतात.

हे सगळं नणंदेचं. ओले केस मात्र ताईचे स्वतःचे.

अकरा वाजता, ऊन टळटळीत, आणि ही प्रत्येक वेळी मोरीत जाऊन केसांवर पाणी शिंपडून यायची. "आत्ताच उठलेय, अजून कुणाशी बोलले नाही."

"वहिनी, हे वाक्य गाळ की," नणंद म्हणाली. "साठ्यात ते कशाला? सरळ मुद्द्यावर ये."

"ते नसलं तर शिळं वाटतं."

"शिळंच आहे ते."

"लोकांना कळायला नको. शिळं कळलं तर कोण बसेल? वाचनालयातल्या जुन्या पेपरासारखं होईल माझं."

नणंदेने खांदे उडवले. वहिनीचं दुकान, वहिनीची पाटी.

तीस झाले. घसा चिंधी झाला होता, तरी झाले. दोघींनी बसून सगळे पाहिले. एक सरस होता. त्यात ताई खिडकीकडे बघून बोलली होती, बाहेरच्या नदीवर पैलतीराला जाणारी नाव होती, दिसत नव्हती पण तिच्या डोळ्यात होती म्हणा. "नाव त्याच्या हातात सोडा. वल्हं सोडा, भीती सोडा. तो बसलाय ना सुकाणूवर? तो बुडू देत नाही. कुणालाच बुडू देत नाही." आणि मग थोडं हसून दिवा सारखा केला होता.

"हा पहिला," नणंद म्हणाली. "ऑपरेशनच्या दिवशी हाच लावू. पहिला दिवस भारी गेला तर लोक महिनाभर टिकतात. आणि याच्यासारखा सदाबहार दुसरा नाही. हा शंभर वर्षांनी लावला तरी चालेल."

दुकानातल्या संगणकावर बसून तिने तीसही चढवले, प्रत्येकाला तारीख आणि सकाळचे सहा लावून दिले. तोवर ते कुणाला दिसणार नव्हते. वेळ झाली की आपोआप उघडणार. कुणी बोट लावायची गरज नाही.

*

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिला भरती केलं. संध्याकाळी सात वाजता वॉर्डातली परिचारिका नाडी बघता बघता म्हणाली, "ऐकलंत का? नदीपलीकडच्या कौलांच्या कारखान्यातून सुटलेल्या माणसांची नाव उलटली. सहाजण गेले म्हणतात."

"अरे देवा," ताई म्हणाली. वायरमन उठून बसला. नणंद म्हणाली, "काठोकाठ भरतात मेले, किती वेळा सांगायचं."

आणि तिघंही पुन्हा तिच्या घशाकडे वळली. उद्या किती वाजता नेतील, किती वेळ लागेल, गाठ तपासायला पाठवतील का. तीस व्हिडिओंची यादी नणंदेच्या पर्समध्ये घडी घालून होती. पहिला कुठला ते ताईला पाठ होतं. नाव उलटली हे तिघांनाही ठाऊक होतं. पण एका डोक्यातल्या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठच पडली नाही.

सकाळी सहाला ती गुंगीच्या औषधाची वाट बघत पडली होती. सहालाच तो पहिला व्हिडिओ उघडला. तो बुडू देत नाही. कुणालाच बुडू देत नाही.

साडेआठला ती आत असताना नणंदेने फोन बघितला. आधी तिला वाटलं, इतक्या प्रतिक्रिया म्हणजे भारी गेला. मग वाचायला लागली. "लाज वाटत नाही?" "आमच्या वाड्यातले दोघे गेले, तुझ्या देवाला सांग." "रात्री बातमी बघून मुद्दाम केलंस का? केस ओले करून हसतेस?" एकाने तर नदीच्या काठावर झाकून ठेवलेल्या माणसांचं चित्र वर आणि खाली ताईचं हसणं असं जोडून पाठवलं होतं. नणंदेने तिथंच इस्पितळाच्या जिन्यात उभं राहून व्हिडिओ खाजगी केला. पण अडीच तास झाले होते. लोकांनी उतरवून घेतला होता, आणि आता तो तिच्या हातात नव्हता.

"तिला आत्ता सांगायचं नाही," वायरमन म्हणाला.

"आत्ता ती ओरडूसुद्धा शकत नाही," नणंद म्हणाली, आणि मग तिलाच रडू फुटलं.

पुढचे एकोणतीस तिने जागच्या जागी थांबवले.

*

तिसऱ्या दिवशी घरी आणलं. गळ्यात पाटी आणि हातात खडू. वायरमनने लहान मुलांची पाटी आणली होती, लाकडी चौकटीची. जिना चढताना ताई पहिल्या मजल्यावर थांबली. टेलरबाईचं मशीन चालू नव्हतं. कामाच्या दिवशी दुपारी मशीन बंद, असं तिने दहा वर्षांत पाहिलं नव्हतं. दारात पायताणं पुष्कळ होती.

तिने पाटीवर लिहिलं: काय झालं?

नवऱ्याने नणंदेकडे बघितलं. नणंदेने भिंतीकडे. मग वायरमन म्हणाला, "त्या नावेत तिचा नवरा होता."

ताई वर आली, बसली, आणि हात पुढे केला. फोन दे. नणंद "विश्रांती घे" म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणाली. हात तसाच राहिला. शेवटी दिला. तिने सगळं वाचलं. पंधरा-वीस मिनिटं लागली. तोंडातून आवाज काढायचा नाही, म्हणून रडतानासुद्धा ती नुसती नाकाने रडत होती.

मग नणंद कामाचं बोलायला लागली, कारण दुसरं काय बोलायचं तिला समजेना. "हे बघ वहिनी, चार दिवस जाऊ देत. मग दुसरा नंबर लावू. त्यात नुसतं दिव्याचं आहे, कुणाला खुपणार नाही. खाली एक ओळ टाकू, यंत्राच्या चुकीने जुना व्हिडिओ लागला म्हणून. लोक आठवड्यात विसरतात."

ताईने लिहिलं: यंत्राची चूक?

"मग काय सांगायचं? साठ्यातला होता म्हणून? म्हणजे आत्ताच उठलेय म्हणणं खोटं होतं हे आपणच ओरडून सांगायचं? आत्ता लोक तुला निर्दयी म्हणतायत. उद्या लबाड म्हणतील."

खरी मेख तिथंच होती. निर्दयी नाही हे पटवायचं तर लबाड असल्याचं कबूल करावं लागत होतं. वायरमन म्हणाला, "त्यापेक्षा बंदच कर सगळं. आपल्या डोक्याला ताप नको." आणि तो फ्यूज बघायला उठला, जो बिघडलेला नव्हता.

ताई पाटी घेऊन खाली गेली.

टेलरबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाऊज तसाच, सुई कापडात रुतलेली. माणसं उठून बाहेर गेली, तीही अशी की जाता जाता ताईच्या अंगाला अंग लागू नये. ताई समोर बसली. लिहिलं: मला माहीत नव्हतं.

टेलरबाईने वाचलं. बराच वेळ वाचलं. एरवी ती हिला तुम्ही म्हणायची.

"काय माहीत नव्हतं तुला? नाव बुडाली ते?"

ताईने हात हलवला. खडू उचलला, थांबली. ते माहीत होतं. तिने लिहिलं: नाव बुडाली ते कळलं होतं. हे त्यात होते ते नव्हतं कळलं.

"नाव बुडाली ते कळलं होतं. आणि सकाळी उठून केस धुऊन म्हणालीस, कुणालाच बुडू देत नाही. मी काठावर उभी होते. कुणाचा तरी फोन वाजत होता. तुझा आवाज होता गं. मला वाटलं, मलाच सांगतेस. वर येतील हे, असंच वाटलं मला. अर्धा तास वाटलं."

खडू मोडला. अर्ध्या तुकड्याने ताईने लिहिलं: ते आधी केलं होतं. महिन्यापूर्वी. आजारपणासाठी करून ठेवले होते.

"आधी म्हणजे?" टेलरबाईने पाटी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "आत्ताच उठलेय म्हणालीस की."

ताई खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिली. 

"किती आहेत असे?"

तीस.

"आणि याआधी?"

बोटं चार.

टेलरबाई आठवत राहिली. मग हळू म्हणाली, "दोन वर्षांपूर्वी. ह्यांचं काम गेलं होतं. चार महिने घरी बसले होते. मी वर येऊन तुला काही सांगितलं नव्हतं, लाजेने. आणि एका सकाळी तू म्हणालीस, दार लागलेलं दिसलं तरी वाजवत राहा, आतला झोपलेला नाही. आम्ही दोघं बघत होतो. हे उठले, सदरा चढवला आणि पलीकडच्या कारखान्यात गेले. त्या दिवशी काम लागलं. मी तुला साखर आणून दिली होती. आठवतं?"

आठवत होतं. साखर आठवत होती, तिने ती घेतली होती तेही.

"ते त्या दिवशी म्हणाली होतीस ना? की तेही आधीचं?"

ताई त्या दिवशी भावाच्या मांडवात पाहुण्यांची पानं वाढत होती. आधीचं नाही अशी मान हलवली असती तर कुणाला कळणार होतं? नणंदेला, फक्त. आणि या बाईला तेवढं एक तरी खरं राहिलं असतं. कदाचित तेच पुण्य ठरलं असतं. ताईने पाटी पुसली, पदराने पुसली, पुन्हा पुसली. आणि लिहिलं: आधीचं.

टेलरबाईने पाटी तिच्या मांडीवर ठेवून दिली. "जा आता."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ताई कॅमेऱ्यासमोर बसली. बटर पेपर काढला होता, त्यामुळे तोंडावर अर्धी सावली होती. कॅलेंडर पुन्हा खिळ्याला. केस कोरडे, गळ्याला फडकं. नणंद फोन धरून होती आणि तोंडाने चिडत होती, "तारीख दिसतेय मागं. उजेड वाईट आहे." ताईने हातानेच सांगितलं, राहू दे.

तिने एक एक पाटी दाखवली. शब्द थोडे, खडूचे, वाकडे. आज अमुक तारीख. माझं घशाचं ऑपरेशन झालंय, बोलायला बंदी. नाव उलटली त्या सकाळी जे दिसलं ते महिन्यापूर्वीचं होतं. आदल्या संध्याकाळी नाव उलटल्याचं मला कळलं होतं. काढून टाकायला हवं होतं, सुचलं नाही. आत्ताच उठलेय म्हणायची ते दर वेळी खरं नव्हतं. गेलेल्यांच्या घरच्यांची मी अपराधी आहे.

देवाबद्दल एक अक्षर नव्हतं. नणंदेने विचारलं, "शेवटी काहीतरी त्याचं लिही की." ताईने मान हलवली.

लोक गेले. बरेच गेले. काहींनी लांबलचक शिव्या दिल्या, काहींनी लिहिलं की बरं केलंस, काहींनी फक्त विचारलं की घसा कसा आहे. साठा तिने टाकला नाही. उरलेले एकोणतीस पुन्हा बघितले. ज्यात "कधीच", "कुणालाच", "सगळ्यांना" असं छातीठोक होतं ते काढले, अकरा निघाले. बाकीच्यांचं पहिलं वाक्य नणंदेने कापलं आणि कोपऱ्यात लिहिलं: आधी करून ठेवलेलं, आणि महिना. शिवाय नियम केला की रोज साडेपाचला नणंद उठून गावातली बातमी बघणार, आणि मगच व्हिडिओ उघडू द्यायचा. आपोआप काही नाही. "म्हणजे माझी झोप गेली," नणंद म्हणाली. "देवाचं काम करते वहिनी, आणि पहाटे उठते मी."

आवाज महिन्याने आला. थोडा जाड, अनोळखी. पहिल्या सकाळी ती बोलून उठली आणि खालून, जिन्यातून, हाक आली. महिनाभरात पहिल्यांदा.

"ताई! आजचं का आधीचं?"

आवाजात माया नव्हती. भाजीवालीच्या पाटीत बोट घालून विचारावं तसं विचारलं होतं. ताई जिन्याच्या तोंडाशी गेली. "आजचं," म्हणाली.

खाली दार लागलं.

तेव्हापासून रोज सहा वाजून दोन मिनिटांनी हाक येते. नणंद चिडते, "ही बाई जन्मभर सूड घेणार आहे." वायरमन म्हणतो, घेऊ दे. सहाला बोलून झालं की ताई फोन ठेवते आणि जिन्यापाशी उभी राहते. वाट बघत.

परवा तिला ताप होता. अंथरुणातून उठवेना. नणंदेने बातमी बघितली आणि साठ्यातला एक लावला, दिव्याचा. सहा वाजून दोन मिनिटांनी हाक आली.

"आजचं का आधीचं?"

वायरमन उत्तर द्यायला उठला, तर ताईने त्याचा दंड धरला आणि भिंतीला धरून स्वतः दारापर्यंत आली. जाड, बसक्या आवाजात खाली सांगितलं, "आधीचं आहे गं. ताप आलाय."

 मग टेलरबाई म्हणाली, "मग नाही बघत." आणि थोड्या वेळाने, दार लावता लावता, "झोप तू."

मशीन सुरू झालं.